धार, धूर आणि तुटलेली विहीर

‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.’ बहिणाबाई चौधरींच्या या ओळी खानदेशात न शिकलेल्या माणसालाही पाठ असतात. पण शेवटचे दोन शब्द ओळींतून बाहेर काढून शेजारी ठेवून बघा: ढोर, पिकांवर. शाळेत शिकवतात त्या अर्थानं हे यमक नाही. शेवटी ‘र’ आहे, पण एकीकडे त्याच्या आधी ‘ओ’ आहे आणि दुसरीकडे नुसता ‘अ’. त्यांच्याच दुसऱ्या ओळी घ्या: ‘ऊन वाऱ्याशी खेयता एका एका कोंबांतून, पर्गटले दोन पानं जसे हात जोडीसन.’ कोंबांतून आणि जोडीसन. इथेही ‘न’ जुळतो आणि त्याच्या आधीचा स्वर जुळत नाही.

असोद्याच्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपानं आल्या त्या १९५२ मध्ये. तेव्हापासून या ओळी लाखोंनी वाचल्या आणि ‘ढोर’ला ‘वर’ कसं जुळलं, असं विचारायची कुणाला गरज वाटली नाही. का वाटली नाही, याचं उत्तर गळ्यात आहे. ‘ढोर’ हा शब्द आपण बोलतो तेव्हा तो ‘र्’वर संपतो. शेवटचा ‘अ’ लिहिण्यात आहे, बोलण्यात नाही. पण ओवी गाताना तो ‘अ’ जागा होतो आणि लांबतो: ढोरऽऽ, पिकांवरऽऽ. आता दोन्ही ओळी ‘रऽऽ’ या लांब सुरावर टेकतात. आधीच्या स्वरातला फरक त्या लांबणीखाली बुडून जातो आणि कानाला यमक पूर्णच लागतं. जात्यावरच्या ओवीत असं सर्रास चालतं, कारण तिथे यमक अक्षरांनी नाही तर हेलानं बांधलेलं असतं.

म्हणून ‘अर्धं यमक आपल्याकडे आधीपासूनच होतं, आधुनिक कवींनी नवं काय केलं’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. अर्धं यमक होतं हे खरं, पण ते गाण्यानं झाकलेलं होतं. कविता गळ्यातून कागदावर आली आणि मनातल्या मनात किंवा बोलल्यासारखी वाचली जाऊ लागली, तेव्हा ते झाकण निघालं. ‘ढोर’ आणि ‘वर’ यांच्यातली फट ऐकू यायला लागली. या फटीचं आधुनिक कवितेत काय करता येतं, एवढाच या लेखाचा विषय.

आधी एक अडचण सांगायला हवी, ती मराठीची आहे. इंग्रजीत यमकं कमी पडतात म्हणून कवी अर्ध्या यमकाकडे वळले, असं एक कारण नेहमी दिलं जातं. मराठीत ते लागूच पडत नाही. मराठीत यमक रस्त्यावर पडलेलं असतं. स्त्रीलिंगी नाम घ्या, वाक्य भूतकाळात टाका, की आली, झाली, न्हाली, प्याली, निघाली, मिळाली हात जोडून उभ्या राहतात. घरात, शेतात, गावात, रानात हे तर विभक्तीनंच फुकट दिलेलं. त्यामुळे मराठी कवी जेव्हा पूर्ण यमक टाळतो, तेव्हा त्याला ते सापडलं नाही ही सबब चालत नाही. एक तर तो कच्चा आहे, नाहीतर त्यानं ते मुद्दाम टाळलं आहे. अर्धं यमक मराठीत काय साधतं याचं माझ्या मते पहिलं उत्तर हेच: दार ओढून घेता येत होतं, तरी ते फटीएवढं उघडं ठेवलं. आणि वाचणाऱ्याला हे मुद्दाम केलंय असं कळलं पाहिजे. ते कळवण्यातच सगळी कारागिरी आहे.

उदाहरण म्हणून एक प्रसंग घेऊ. रावेर-यावलकडची केळीची बाग, उन्हाळा, शेतीची लाइट रात्री दोनला येते. पूर्ण यमकात पहिला मसुदा सहज असा उतरेल:

लाइट रात्री दोनला आली,
मोटार विहिरीवर सुरू झाली;
पाण्याची धार पाटात न्हाली,
केळीची बाग तृप्त झाली.

यात चुकलंय काय? ‘झाली’ दोनदा आलंय हे तर उघडच आहे, पण खरी चूक ‘न्हाली’ची. धार पाटात न्हात नाही, धारेनं पाट भरतो. हा शब्द अर्थानं आणलेला नाही, ‘आली’नं ओढून आणलाय. त्यानंतर ‘तृप्त’ येणं अटळच होतं, कारण तीन ‘ली’ झाल्यावर चौथी ओळ समाधानाचीच मागणी करते. थोडक्यात, कवितेत काय घडणार हे यमकानं ठरवलं. विहीर आटली असेल, मोटार जळली असेल, तरी या चालीत बाग तृप्तच होणार. पूर्ण यमक वाईट नसतं. पण ‘सगळं जुळलं’ हे ते प्रत्येक ओळीच्या शेवटी सांगत राहतं, आणि प्रसंग न जुळण्याचा असेल तर आवाज एक बोलतो आणि अर्थ दुसरंच.

हाच प्रसंग अर्ध्या यमकात मांडू. खालच्या आठ ओळी या लेखापुरत्या रचल्या आहेत, त्यांचे सांधे दाखवता यावेत म्हणून.

रात्री दोनला लाइट येते. उठते घरची माय,
बॅटरी घेऊन बांधावर. वर चांदण्यांचं आभाळ.

मोटार घरघरते, एकच गढूळ धार
पाटात पडते. मग हवा. जळका वास. धूर.

रांगेत उभी केळी, अर्धे भरलेले घड,
टेकूला रेललेलं एकेक वाळकं खोड.

ती वाकून बघते. आटल्या विहिरी-
तला गाळ चमकतो. हाक देते. रात बहिरी.

दुसऱ्या जोडीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात स्वच्छ आहे. धार, धूर. पहिलं व्यंजन तेच, शेवटचं तेच, मधला स्वर तेवढा बदलला. ‘ध’ आणि ‘र’ ही चौकट जागच्या जागी राहते आणि तिच्यातलं पाणी जाऊन धूर येतो. हे केवळ नाद म्हणून नाही, घटना म्हणूनही खरं आहे: तीच मोटार, तोच पाइप, बाहेर पडणारी वस्तू तेवढी वेगळी. पहिल्या महायुद्धात ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेलेला विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी हेच तंत्र वापरायचा. त्याच्या ‘स्ट्रेंज मीटिंग’मध्ये ‘हॉल’ची जोडी ‘हेल’शी लागते. दालनाच्या चौकटीतला एक स्वर हलतो आणि तिथे नरक उभा राहतो.

‘धार’ला पूर्ण यमक हवंच असतं तर ‘फार’, ‘गार’, ‘दार’, ‘चार’ सगळे हाताशी होते. ‘मग वारा वाहतो गार’ असं करून बघा. मोटार जळली तरी ओळ सुखावते. आता ‘धूर’ ठेवा. कानाला ‘आ’ची अपेक्षा असते, तोंड उघडण्याच्या तयारीत असतं, आणि ओठ आवळून ‘ऊ’ म्हणावा लागतो. ही अपेक्षा मोडते, पण पूर्ण मोडत नाही, कारण ‘र’ येतो आणि सांगतो की जुळवायचं होतं, एवढंच जमलं. ‘धार’नंतर ‘धूर’ऐवजी ‘राख’ टाकली असती तर यमकच नसतं, आणि अपेक्षा मोडल्याचं कळलंही नसतं. निराशा ऐकू येण्यासाठी आधी आशेचा आवाज लागतो. अर्धं यमक एकाच शब्दात दोन्ही देतं.

स्वरांचा क्रमही तपासावा. ‘आ’कडून ‘ऊ’कडे जाताना तोंड मिटतं, आवाज खाली बसतो. क्रम उलटा करा, आधी ‘धूर’ मग ‘धार’, की तोंड उघडतं आणि जोडी चढते. तेच दोन शब्द, पण मोटार दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. म्हणजे कोणता शब्द कोणत्या ओळीत टाकायचा हे अर्थाबरोबर तोंडालाही विचारून ठरवायचं. सोपी रीत अशी, की ओळी बाजूला ठेवून नुसते शेवटचे शब्द मोठ्यानं म्हणायचे: धार, धूर, घड, खोड. एवढ्यावरच काहीतरी घडल्यासारखं वाटलं तर जोडी कामाची. नुसती टकटक ऐकू आली तर जोडी सजावटीची.

घड, खोड ही जोडी थोडी सैल आहे. शेवटी ‘ड’ दोन्हीकडे. सुरुवातीला ‘घ’ आणि ‘ख’, दोन्ही कंठ्य, दोन्ही महाप्राण, फरक फक्त एक घोष आणि दुसरा अघोष. म्हणून ‘धार-धूर’ एवढी पक्की नसली, तरी ‘घड-जोड’पेक्षा ती घट्ट बसते. व्यंजनांमधलं हे अंतर कवीला कानानं मोजता यायला हवं. ट आणि ठ, द आणि ध, म्हणजे अल्पप्राण-महाप्राणाची जोडी सगळ्यात जवळची: वाट, काठ. इतकी जवळची की बहुतेकांना ते पूर्ण यमकच वाटतं. ‘माझा’ आणि ‘राजा’ कितीतरी गाण्यांत निर्धास्त जुळवले जातात. खरं तर ‘माझा’तला ‘झ’ दातांजवळचा आणि महाप्राण, ‘राजा’तला ‘ज’ टाळूचा. ती अर्ध्या यमकाचीच जात, पण कुणाचंच लक्ष जात नाही. त्याहून दूर ती जोडी, जिच्यात स्वर जुळतो आणि व्यंजन नाही: वाट, रान. आणि स्वर बदलून व्यंजन राखणारी ‘धार-धूर’ची तऱ्हा सगळ्यात टोकदार, कारण मराठी कान स्वर आधी टिपतो आणि तोच नेमका निसटतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मात्र अर्ध्या यमकासाठी निरुपयोगी. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत बोलताना कुणी फारसा फरक करत नाही, तेव्हा तिथे फट दाखवून ती कुणाला दिसणार नाही.

जाता जाता: गझल लिहिणारे ‘धार-धूर’ ऐकून कपाळाला हात लावतील. गझलेतल्या यमकाच्या, म्हणजे काफियाच्या अक्षराआधीचा स्वर शेरागणिक कायम राहायला हवा, त्याला अलामत म्हणतात, आणि ती ढळली की दोष. त्यांचं म्हणणं त्यांच्या घरात बरोबर आहे. गझलेत काफियाची वाट पाहण्यातच रंगत असते, आणि समोर बसलेले लोक तो शब्द कवीच्या आधी ओठांवर आणतात. तिथे स्वर हलवणं म्हणजे टाळीसाठी उचललेला हात मध्येच धरणं. अर्धं यमक एकट्या वाचणाऱ्यासाठी आहे.

आता ते फसतं कुठे. पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सात पूर्ण यमकांत एक अर्धं टाकणं. ते कुणालाही मुद्दाम वाटत नाही, शब्द न सापडल्याची कबुली वाटते. वाचणाऱ्याशी करार पहिल्या चार ओळींत व्हावा लागतो. सुरुवातीच्या दोन जोड्या अर्ध्या असतील, तर तो समजतो की इथे माप असं आहे, आणि पुढे त्या मापानं ऐकतो. आमच्या आठ ओळींत पहिली जोडी माय-आभाळ, दुसरी धार-धूर. तिसरी येईपर्यंत कान तयार झालेला असतो.

दुसरी चूक अंतराची. पूर्ण यमक कानात टिकतं. चौथ्या ओळीतलं ‘झाली’ पहिल्या ओळीतल्या ‘आली’ला आरामात ओळखतं. अर्धं यमक तेवढं टिकत नाही. ‘धार’ आणि ‘धूर’ यांच्यामध्ये तीन ओळी घाला, तर ‘धूर’ येईपर्यंत ‘धार’ विसरलेली असते, आणि एवढी मेहनत फक्त कवीला ठाऊक राहते. म्हणून लगतच्या ओळी, फार तर एकाआड एक, आणि तेही ओळी आखूड असतील तरच. कविता कुणाला तरी न दाखवता वाचून ऐकवा आणि विचारा, यमक कुठे होतं. ‘मुक्तछंद आहे ना?’ असं उत्तर आलं तर अंतर जास्त झालंय.

तिसरी चूक मराठीची खास. अर्धं यमक प्रत्ययावर बांधलं की ते मरतं. घरात, वाटेत. ‘ात’ आणि ‘ेत’. नियमानं बघितलं तर हे ‘धार-धूर’सारखंच आहे: स्वर बदलला, ‘त’ राहिला. पण ऐकू काहीच येत नाही, कारण ‘त’ हा व्याकरणाचा भाग आहे आणि कान तो अर्थासाठी वापरून टाकून देतो. फट ऐकू यायची तर ती शब्दाच्या मुळात असली पाहिजे. आमच्या ओळींचे शेवट पुन्हा पाहा: माय, आभाळ, धार, धूर, घड, खोड. सगळी प्रत्ययाविना उभी असलेली नामं. हे आपोआप होत नाही. मराठी वाक्याला क्रियापदावर संपायची खोड आहे, आणि क्रियापद आलं की ‘ते, तो, ली’ आलेच. म्हणून ओळीत वाक्य मध्येच तोडावं लागतं, क्रियापद आधी घ्यावं लागतं (‘उठते घरची माय’), किंवा क्रियापद गाळून नुसतं नाम ठेवावं लागतं (‘जळका वास. धूर.’). अर्ध्या यमकानं मराठी कवितेची वाक्यरचना तुटक होते ती यामुळे. काहींना हा तुटकपणा खटकतो. या प्रसंगाला तो शोभतो असं मला वाटतं. हिरव्या बागेच्या वर्णनाला शोभला नसता.

या तिसऱ्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो खानदेशातच जन्मला. बा. सी. मर्ढेकर १९०९ मध्ये फैजपूरला जन्मले. ‘काही कविता’ या त्यांच्या १९४७ च्या संग्रहातल्या, पिपात मेलेल्या उंदरांच्या कवितेत, पहिल्याच कडव्यात, ‘मुरगळल्याविण’ आणि ‘आसक्तीविण’ अशी जोडी आहे. ‘विण’ हा नुसता शब्दयोगी तुकडा, आणि त्याच्या आधीचं ‘ल्या’ आणि ‘क्ती’ काहीच जुळत नाही. वर सांगितलेल्या हिशेबानं हे मेलेलं यमक. पण मर्ढेकरांनी दोन्ही ओळींची सुरुवातही तीच ठेवली आहे, ‘माना पडल्या’. म्हणजे ओळ सुरुवातीला तीच, शेवटी तीच, मधे एक शब्द बदलला. तिथे यमक निर्जीव आहे, आणि निर्जीवच हवं आहे. कविता कशाबद्दल आहे हे माहीत असलेल्याला आणखी सांगायला नको.

आता तुटक्या यमकाकडे. यात शब्दच ओळीच्या शेवटी तोडतात आणि त्याच्या पहिल्या तुकड्यावर यमक साधतात. इंग्रजीतलं गाजलेलं उदाहरण जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांचं, १८७७ मध्ये लिहिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये छापलेल्या ‘द विंडहॉवर’ या कवितेतलं. पहिली ओळ ‘किंग’वर संपते आणि ‘डम’ दुसरीत पडतो. ‘किंग्डम’ दुभंगला. ‘किंग’ हा इंग्रजीत पूर्ण शब्द आहे, म्हणून वाचणारा आधी राजा ऐकतो आणि मग त्याचं राज्य.

मराठीत हे कसं करायचं? मन मानेल तिथे तोडून चालत नाही. ‘के-’ आणि ‘ळी’ असं तोडलं तर वाचणारा म्हणेल, छपाईत चुकलं, कारण वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात असे तुटलेले शब्द त्यानं आयुष्यभर पाहिलेत. जोडाक्षराच्या पोटात तर तोडताच येत नाही, ‘रस्-’ लिहून पाय मोडून ठेवावा लागतो आणि ओळ लंगडते. समास तोडण्यात अर्थ नाही. ‘दिवस-’ आणि ‘रात्र’ हे मुळातच दोन शब्द, तिथे काही तुटलं असं वाटतच नाही.

पण मराठीत शब्दाच्या आतच एक शिवण आहे, जी इंग्रजीत नाही: सामान्यरूप. विहीर, विहिरी-त. घर, घरा-त. वाट, वाटे-वर. प्रत्यय लागण्याआधी नाम स्वतःला थोडं वाकवतं आणि थांबतं. ‘वाटे’ असं ऐकलं की पुढे काही तरी येणार हे मराठी कानाला आपोआप कळतं. म्हणजे तुटका शब्द अपुरा आहे, हे व्याकरणच सांगतं, कवीला वेगळं सांगावं लागत नाही. तुटक्या यमकाची मराठीतली खरी जागा ही शिवण. आपल्याकडे ती फार कमी वापरली जाते, ही माझी तक्रार आहे.

आमची शेवटची जोडी त्या शिवणीवर आहे. ‘आटल्या विहिरी-’ इथे ओळ संपते. ‘विहिरी’ हे सामान्यरूप आहे, पण तेच अनेकवचनही आहे. आणि ‘आटल्या’ हे ‘पिकल्या पानाचा’मधल्यासारखं विशेषण आहे, पण तेच अनेकवचनी भूतकाळही आहे. म्हणून ओळीच्या शेवटी वाचणारा क्षणभर एक पुरं वाक्य ऐकतो: विहिरी आटल्या. एक नाही, सगळ्या. तालुकाच्या तालुका. मग पुढच्या ओळीत ‘तला गाळ’ येतो आणि ते वाक्य मागे घेतलं जातं: नाही, ही एकच विहीर, हिच्यातला गाळ. पण एकदा ऐकलेलं पुन्हा न ऐकलेलं होत नाही. एका बाईच्या एका विहिरीमागे सगळ्या विहिरी उभ्या राहिल्या, आणि त्यासाठी एकही जास्तीचा शब्द लागला नाही. पूर्ण शब्द ओळीत ठेवून हे जमलं नसतं.

नादाकडे बघा. विहिरी, बहिरी. आठ ओळींतलं हे एकमेव पूर्ण यमक: ‘हिरी’ तंतोतंत जुळतं. तीन जोड्या अर्ध्या ऐकल्यावर कानाला हवं होतं ते जुळणं अखेर मिळतं, पण ते तुटलेल्या शब्दावर मिळतं. आवाज मिटला तेव्हा शब्द उघडाच होता, आणि शब्द पुरा झाला तेव्हा आवाज पुढे निघून गेला होता. ‘तला’ हा तुकडा स्वतंत्र शब्द नाही, तो ओळीच्या सुरुवातीला खाली पडल्यासारखा येतो, आणि कानाला ‘तळ’च्या जवळ जातो. हा योगायोग आहे, पण असे योगायोग घरात घ्यावेत.

इथेही फसायच्या जागा आहेत. ‘रात्र उतरली घरा-’ आणि खाली नुसता ‘त’, असं केलं तर हसू येतं. खाली पडणारा तुकडा निदान दोन अक्षरांचा असावा: तला, तून, वर, साठी, पाशी. शिवाय ‘घरा’ हे जुन्या कवितेत पूर्ण रूप म्हणून चालायचं, ‘आला घरा’ म्हणजे घरी आला. म्हणून ‘घरा-’वर तोडलं तर वाचणाऱ्याला तूट जाणवतच नाही, कवी जुनं बोलतोय असं वाटतं. तोडण्याआधी तपासायचं, की हे सामान्यरूप एकटं उभं राहू शकतं का, आणि राहत असेल तर त्या खोट्या अर्थाचा आपल्याला उपयोग आहे का. ‘विहिरी’त उपयोग होता, ‘घरा’त नाही. आणि आठ ओळींत एकच तूट पुरे. दोन झाल्या की ती क्लृप्ती दिसते.

मोठ्यानं वाचताना ‘विहिरी’वर आवाज खाली आणायचा नाही, वाक्य संपल्यावर आणतो तसा. तो वरच लटकत ठेवायचा, श्वास न घेता अर्धा क्षण थांबायचं, आणि ‘तला’ला जोर न देता पुढे जायचं. थांबलंच नाही तर यमक ऐकू येत नाही, श्वास घेतला तर शब्द मरतो. कागदावर ती खूण संयोगचिन्हानं होते. मोबाइलवर मात्र आमची आठवी ओळ बहुतेक स्क्रीनच्या रुंदीत मावणार नाही, ती आपोआप दुमडेल, आणि मग कवीनं केलेली तूट आणि फोननं केलेली तूट सारखीच दिसेल. ओळ आखूड हवी होती, हा या नमुन्यातला दोष.

राहिली पहिली जोडी. माय, आभाळ. पुण्यातल्या वाचकासाठी हे साधं अर्धं यमक: ‘आ’ जुळतो, ‘य’ आणि ‘ळ’ जुळत नाहीत. पण खानदेशात ‘ळ’ टिकतोच असं नाही. लेवा गणबोलीत, तावडीत, अहिराणीत तो बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो: डोळा डोया, काळा काया, केळी केयी. बहिणाबाईंचं ‘खेयता’ वर आलंच आहे. आभाळाचं आभाय होतं. माय, आभाय. यमक पूर्ण.

मग छापायचं काय? बहिणाबाईंच्या कवितेत बोली उघड लिहिली आहे, म्हणून ‘आभाय’च लिहावं, असं म्हणणारे म्हणतील, आणि त्यांचा आग्रह मला कळतो. तरी इथे मी ‘आभाळ’ ठेवीन. ‘आभाय’ लिहिलं की पुण्याच्या वाचकालाही पूर्ण यमक मिळतं, पण तो ते डोळ्यानं वाचतो, बोली म्हणून. ‘आभाळ’ लिहिलं की त्याला फट मिळते, आणि यावलच्या वाचकाला छापलेल्या ‘ळ’खाली घरातला ‘य’ ऐकू येतो. यानं वरचा करार बिघडतो, हे खरं. पहिल्या दोन जोड्या अर्ध्या हव्यात असं मी म्हटलं, आणि खानदेशी कानाला तर पहिली जोडी पूर्णच लागणार. त्या कानासाठी माय बांधावर जाईपर्यंत सगळं जुळलेलं आहे, आणि ते पहिल्यांदा सुटतं ते मोटारीपाशी, ‘धूर’ या शब्दावर.